“प्र. ३ (ब)” : विद्यार्थ्याचा पहिला संदेश कसा वाचावा

दिवाळीच्या सुटीत आणि दहावीच्या परीक्षेपूर्वीच्या दोन महिन्यांत आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थी व आम्ही शिक्षक मिळून मुलांच्या अभ्यासातील अडचणींना फोनवर उत्तरे देतो. यासाठीचा फोन शाळेच्या कार्यालयात असतो. मुलांचे सर्व संदेश त्यावरच येतात आणि ते अधीक्षकही पाहू शकतात. हे काम करू लागल्यापासून एक गोष्ट आमच्या वारंवार प्रत्ययास आली. नव्या मुलाचा पहिला संदेश बहुधा एका ओळीचाही नसतो. “प्र. ३ (ब)”, “३.२”, “वर्गसमीकरणे”, “प्रकाशाचे अपवर्तन” एवढेच येते. नमस्कार नाही, नाव नाही, इयत्ता नाही आणि प्रश्नचिन्हही नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हे सांगितले की ज्येष्ठ मंडळी हसतात आणि मग थोडी नाराजही होतात. “मुलांना साधे ‘जय भीम सर’ लिहिता येऊ नये?” असे एका ज्येष्ठ बंधूंनी आम्हांस विचारले होते. पालकांनाही कधीकधी संकोच वाटतो, कारण संदेश त्यांच्याच फोनवरून गेलेला असतो. ही नाराजी आम्हांला समजते, कारण आरंभी आमचीही प्रतिक्रिया तीच होती. पुढे अनुभवाने ती बदलली. ती कशी बदलली आणि असा संदेश आला असता आम्ही आता काय करतो, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहून ठेवावे असे वाटले.

असा संदेश येतो कोठून, हे प्रथम पाहू. वर्गात किंवा सायंकाळच्या अभ्यासिकेत मूल हात वर करून “सर, तीन ब” म्हणते, तेव्हा ते पूर्ण वाक्य असते. कोणता तास चालू आहे, फळ्यावर काय लिहिले आहे, कोणते पान उघडले आहे हे दोघांनाही दिसत असते. शिक्षक बाकापाशी येतात, वहीत डोकावतात आणि मूल कोठे थांबले आहे ते त्यांना न विचारता कळते. फोनवर यातले काहीच नसते, परंतु बोलण्याची सवय मात्र तीच राहते. सुटीत घरी गेलेले मूल वर्गातले वाक्य जसेच्या तसे पाठवते. त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग वर्गाच्या भिंतींमध्ये होता, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

दुसरे कारण उत्तरपत्रिकेचे आहे. समासात प्रथम प्रश्नक्रमांक लिहावा आणि मग उत्तर लिहावे, असे आपणच मुलांच्या हाताला वळण लावतो. पेन टेकले की आधी क्रमांक उमटतो. फोनवरही मूल आधी क्रमांक लिहिते. पुढे जे लिहायचे तेच तर अडलेले असते, म्हणून ते तेथेच थांबते आणि तेवढेच पाठवून देते.

शिवाय समोरच्या व्यक्तीला काय म्हणावे हेही त्याला ठाऊक नसते. फोनच्या पलीकडे सर आहेत, मॅडम आहेत, की मागील तुकडीतले दादा किंवा ताई आहेत? चुकीचे संबोधन लिहिण्यापेक्षा मूल काहीच लिहीत नाही. त्यास आम्ही उद्धटपणा म्हणत असू, पण आता म्हणत नाही. उत्तराच्या आरंभी आम्हीच “जय भीम” लिहितो आणि खाली “मी गणिताची ताई” किंवा “मी विज्ञानाचा सर” असे कळवतो. दुसऱ्या-तिसऱ्या संदेशापासून मूलही तसेच लिहू लागते. त्यासाठी वेगळा उपदेश करावा लागत नाही.

आमची सर्वांत मोठी चूक याच बाबतीत झाली, ती येथे सांगणे प्राप्त आहे. एका मुलाने “प्रकाशाचे अपवर्तन” एवढाच संदेश पाठवला होता. आमच्यापैकी एकाने त्याला लिहिले, “नुसते धड्याचे नाव पाठवून कसे चालेल? नीट प्रश्न विचारायला शिका.” लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. मुलाने उत्तर दिले नाही आणि त्यानंतर त्याचा एकही संदेश आला नाही. पूर्वपरीक्षेचे पेपर तपासताना दिसले की विज्ञान भाग १ मधील अपवर्तनाचे प्रश्न त्याने पूर्ण कोरे सोडले होते आणि त्याच्या पुढच्या, भिंगांच्या धड्याचेही. वर्गशिक्षकांकडे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. दिवाळीनंतर तो वेळेवर परतलाच नव्हता. आईवडील ऊसतोडीला गेले होते. लहान भावंडाला सांभाळायला कोणी नसल्याने त्यालाही काही आठवडे कारखान्याच्या तळावर राहावे लागले होते. नेमका त्याच काळात तो धडा वर्गात शिकवून झाला होता.

म्हणजे त्याचा संदेश अपुरा नव्हता. त्याला धड्यातील एखादा प्रश्न अडलेला नव्हता. धडाच्या धडा अडलेला होता आणि त्याने तेच लिहिले होते. आम्ही त्याच्याकडे ‘नीट प्रश्न’ मागितला. ज्याने धडा ऐकलाच नाही त्याने त्यातला प्रश्न कोठून आणावा? प्रश्न विचारण्यासाठी लागणारे शब्द, म्हणजे आपाती किरण, स्तंभिका, अपवर्तनांक, हे त्या धड्यातच मिळतात. भिंगांचा धडा कोरा राहिला त्याचेही कारण हेच. भिंगातून जाताना किरण वळतो कशामुळे, हे अपवर्तन कळल्यावाचून कळत नाही.

आता केवळ धड्याचे नाव आले की ‘काय अडचण आहे?’ असे आम्ही विचारत नाही. या प्रश्नाला ‘सगळेच’ किंवा ‘काही नाही सर’ अशी दोनच उत्तरे येतात आणि दोन्हींतून काही हाती लागत नाही. आम्ही विचारतो, “धड्यातले शेवटचे समजलेले पान कितवे?” मुलाने आकड्यानेच बोलायला सुरुवात केली आहे, तर त्याला आकड्यानेच उत्तर देता येईल असे विचारावे, एवढाच यामागचा विचार. पानाचा क्रमांक सांगण्यास शब्द लागत नाहीत आणि लाजही वाटत नाही. उत्तरात धड्याचे पहिलेच पान आले, तर तो धडा त्याने ऐकलेला नाही असे समजावे. मधले पान आले, तर अडचण त्याच्या पुढच्या पानावर असते. शेवटचे पान आले, तर धडा समजलेला आहे आणि स्वाध्यायातले एखादे उदाहरण अडले आहे. क्वचित असेही उत्तर येते की, “सगळा समजला, पण परीक्षेला यातले काय येईल?” तोही एक प्रश्नच आहे. तो लपवून धड्याच्या नावाआड ठेवलेला होता, इतकेच.

धडाच राहून गेलेल्या मुलाला आम्ही एकदम टिपणे पाठवत नाही. टिपणांची दहा पाने पाहून ते पुन्हा गप्प होते. अपवर्तनाचा धडा असेल तर पहिल्या दिवशी एवढेच सांगतो : काचेच्या पेल्यात पाणी घे, त्यात पेन्सिल तिरपी ठेव, बाजूने पाहा आणि काय दिसते ते एका ओळीत कळव. दुसऱ्या दिवशी किरण विरल माध्यमातून घन माध्यमात शिरताना स्तंभिकेकडे वळतो आणि बाहेर पडताना स्तंभिकेपासून दूर जातो, याची आकृती तो काढतो. अपवर्तनांकाचे सूत्र तिसऱ्या दिवशी येते. असे चालले की चौथ्या दिवशी मुलाकडून आपणहून खरा प्रश्न येण्याचा संभव असतो.

आता क्रमांकाकडे वळू, कारण तेथे घोटाळा वेगळा असतो. “३.२” हा संदेश घ्या. दहावीचे बीजगणिताचे पुस्तक म्हणजे गणित भाग १ आणि भूमितीचे म्हणजे भाग २. दोन्हींत तिसरे प्रकरण आहे आणि दोन्ही प्रकरणांत सरावसंच ३.२ आहे. बीजगणितात तो अंकगणिती श्रेढीचा आहे, तर भूमितीत स्पर्शवर्तुळांचा. एकदा आमच्या एका ताईंनी रात्री बसून श्रेढीची उदाहरणे सुबक अक्षरांत सोडवली आणि पाठवली. मुलाने “धन्यवाद” लिहिले. त्याला हवी होती वर्तुळे, हे आम्हांला आठवड्याने समजले. ‘ताईंनी इतके लिहून पाठवले, आता हे नव्हे असे कसे सांगू,’ असे त्याला वाटले होते.

“प्र. ३ (ब)” याची कथाही अशीच. मंडळाच्या गणिताच्या दोन्ही प्रश्नपत्रिका चाळीस-चाळीस गुणांच्या असून दोन्हींची मांडणी सारखी आहे. दोन्हींत प्रश्न ३ चा ‘ब’ भाग असतो, त्यात चार उपप्रश्न देऊन कोणतेही दोन सोडवायला सांगतात. मग ही प्रश्नपत्रिका बीजगणिताची की भूमितीची? कोणत्या वर्षाची? मार्चची की जुलैची? की बाजारात मिळणाऱ्या सराव प्रश्नपत्रिकांच्या संचातली? आणि चारांपैकी कोणता उपप्रश्न? मुलाच्या समोर तो कागद उघडा असतो, म्हणून त्याला यातली एकही शंका येत नाही. आपल्याला मात्र यातले काहीच ठाऊक नसते. म्हणून तर्काने उत्तर लिहू नये, हा आमचा पहिला नियम झाला. आपण चुकीचा प्रश्न सोडवला तर बहुतेक मुले ते सांगत नाहीत. ती आभार मानतात आणि निघून जातात. ‘धन्यवाद’ हा शब्द आला म्हणजे अडचण सुटली, असे धरून चालू नये हेही आम्ही तेव्हाच शिकलो.

आता आमचे पहिले उत्तर बहुधा असे असते : “जय भीम. तुझा प्रश्न मिळाला. पुस्तकाचे किंवा प्रश्नपत्रिकेचे ते पान आणि तुझ्या वहीचे पान, दोन्हींचा फोटो पाठव. खाडाखोड असली तरी चालेल.” यातील शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगी ठरले आहे. ते नसेल तर मूल पुस्तकाचेच पान पाठवते. वही पाठवायची म्हटले की ते आधी खोडरबर घेऊन बसते आणि नेमकी आपल्याला हवी असलेली चूक पुसून टाकते. रात्री मंद दिव्यात काढलेला फोटो पुष्कळदा अस्पष्ट येतो, किंवा नेटवर्कअभावी येतच नाही. अशा वेळी ‘वहीतली शेवटची ओळ तेवढी टाइप कर’ असे आम्ही सांगतो.

वहीचे पान का हवे, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका मुलीचा पहिला संदेश होता, “वर्गसमीकरणे”. शेवटचे समजलेले पान विचारले तेव्हा तिने प्रकरणाच्या अखेरच्या भागातले पान सांगितले. म्हणजे प्रकरण तिने अभ्यासले होते. मग वहीचा फोटो मागवला. शाब्दिक उदाहरण होते : एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने अधिक आहे आणि क्षेत्रफळ १२० चौरस मीटर आहे, तर लांबी व रुंदी काढा. तिने रुंदी x मानली होती आणि पुढे असे लिहिले होते :

x(x + 7) = 120
x = 120 किंवा x + 7 = 120
x = 120 किंवा x = 113

यावर दोन आडव्या रेघा मारलेल्या होत्या आणि पुढे पान कोरे होते.

आम्ही तिला सरळ उत्तर लिहून पाठवले असते तर ते बरोबरच असते, पण तिच्या उपयोगाचे नसते. या तीन ओळी पाहा. पहिली ओळ अगदी बरोबर आहे. शाब्दिक उदाहरणावरून समीकरण मांडणे हेच बहुतेक मुलांना अवघड जाते, ते तिला साधले होते. चूक दुसऱ्या ओळीत आहे. वर्गात अवयव पाडून झाल्यावर (x + 15)(x − 8) = 0 अशी ओळ येते आणि मग दोन्ही कंस वेगवेगळे करून शून्याबरोबर लिहितात. तिने त्या कृतीचे रूप लक्षात ठेवले होते, कारण मात्र नाही. गुणाकार असला की दोन्ही भाग वेगळे करून उजवीकडची संख्या दोघांनाही द्यायची, असे तिने धरले होते. तिने मारलेल्या रेघाही बोलक्या आहेत. ११३ मीटर रुंद आणि १२० मीटर लांब बागेचे क्षेत्रफळ १३,५६० चौरस मीटर होईल, १२० नव्हे. उत्तर चुकले हे तिला कळले होते, कोठे चुकले ते कळत नव्हते. हे सांगण्यासाठी तिच्याजवळ शब्द नव्हते, म्हणून तिने प्रकरणाचे नाव पाठवले.

आम्ही तिला पहिली ओळ बरोबर असल्याचे कळवले आणि विचारले, “दोन संख्यांचा गुणाकार ० असेल तर त्या संख्यांविषयी काय सांगता येईल?” उत्तर आले, “एक तरी ० असते.” मग विचारले, “आणि गुणाकार १२० असेल तर एक संख्या १२० असलीच पाहिजे का?” थोड्या वेळाने तिने लिहिले, “नाही. १२ आणि १० असू शकते. २० आणि ६. १५ आणि ८.” आणि लगेच दुसरा संदेश, “सर, १५ आणि ८ मध्ये ७ चा फरक आहे!”

उत्तर तिला समीकरणाच्या आधीच सापडले होते. पण परीक्षेत रीत लिहावी लागते, म्हणून तिला १२० डावीकडे आणायला सांगितले : x² + 7x − 120 = 0. आता उजवीकडे शून्य आले आणि कंस वेगळे करण्याला अर्थ आला. (x + 15)(x − 8) = 0, म्हणून x = −15 किंवा x = 8. रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून रुंदी ८ मीटर आणि लांबी १५ मीटर. एका शब्दाच्या संदेशात दडलेली अडचण अखेर ‘उजवीकडे शून्य का हवे’ एवढीच होती. ती समीकरणाच्या दुसऱ्या ओळीत होती आणि वहीचे पान पाहिल्यावाचून ती कोणालाही दिसली नसती.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. नुसता क्रमांक पाठवणारा प्रत्येक विद्यार्थी अडलेलाच असतो असे नाही. उद्या वही दाखवायची आहे म्हणून तयार उत्तर हवे असणारेही असतात. ते ओळखणे फारसे कठीण नाही. एकाच वेळी १ ते ८ असे सलग क्रमांक येतात, वहीचे पान मागितले की कोरे पान येते किंवा काहीच येत नाही, आणि ‘लवकर’ हा शब्द दोनदा येतो. अशा वेळी आम्ही रागावत नाही, पण उत्तरही पाठवत नाही. आकडे बदलून तशाच एका उदाहरणाची पहिली ओळ पाठवतो आणि दुसरी लिहून मागतो. काहीजण तेथेच थांबतात. काहीजण मात्र दुसरी ओळ लिहितात, आणि मग कळते की हाही मुलगा अडलेलाच होता, केवळ घाईचा आव आणत होता. घरी सोडवायच्या घटक चाचणीचा क्रमांक आहे असे कळले, तर चाचणी जमा होईपर्यंत थांबायला सांगतो.

पालकांना एक विनंती आहे. मूल तुमच्या फोनवरून संदेश पाठवत असेल आणि आमच्याकडून फोटो मागितला गेला असेल, तर ‘अक्षर नीट काढ, मग पाठव’ असे त्याला म्हणू नका. वही आहे तशी येऊ द्या. आणि तुमच्या फोनवर आमचे उत्तर रात्री उशिरा आलेले दिसले तर ते पुसू नका. पुष्कळ उत्तरे मुलांपर्यंत पोहोचतच नाहीत, कारण सकाळी फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना या कामात सहभागी व्हायचे आहे त्यांनी शाळेच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. उत्तरे शाळेच्याच फोनवरून द्यावी लागतात. स्वतःचा क्रमांक मुलांना देण्याची पद्धत आम्ही ठेवलेली नाही आणि ठेवणारही नाही.

वर सांगितलेल्या मुलीचे संदेश परीक्षेपर्यंत येत राहिले. दुसऱ्या आठवड्यातला एक आम्ही जपून ठेवला आहे : “जय भीम सर. गणित भाग १, सरावसंच २.६. समीकरण मांडले आहे, उजवीकडे शून्य आणले आहे, पण अवयव पडत नाहीत. वहीचे पान जोडले आहे.” पान उघडून पाहिले तर बेरजेत एका चिन्हाची चूक होती.